बीपी उतरवायचं, पण किती तासांत?

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून माणूस नेत्रतज्ज्ञाकडे जातो. डॉक्टर बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात, आत पाहतात आणि चष्म्याचं नाव न काढता विचारतात, "बीपी कधी तपासलं होतं?" मॅलिग्नंट हायपरटेन्शनचं निदान पुष्कळदा असं डोळ्यांच्या दवाखान्यात होतं, हृदयरोगतज्ज्ञाची पाळी नंतर येते. या आजाराचा कर्करोगाशी काही संबंध नाही. १९१४ साली फ्रान्झ फोल्हार्ड आणि थिओडोर फार या जर्मन डॉक्टरांनी किडनीच्या आजारांवरच्या ग्रंथात रक्तदाबाचा एक भरधाव, जीवघेणा प्रकार वेगळा काढला आणि त्याला हे नाव दिलं. ते आजवर टिकलं आहे.

त्या काळी तो किती जीवघेणा होता, याचा हिशेब अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी १९३९ साली मांडला. डोळ्याच्या पडद्यावर काय दिसतं त्यावरून त्यांनी रक्तदाबाच्या रुग्णांचे चार गट पाडले. चौथ्या गटातल्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होते आणि डोळ्याची मुख्य नस जिथून आत शिरते ती जागा सुजलेली होती. या गटातले १०० पैकी ७९ रुग्ण वर्षभरात गेले. देण्यासारखं औषधच नव्हतं. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा आजार नेमका हाच होता असं म्हणता येणार नाही, पण त्या काळाची हतबलता त्यांच्या उदाहरणात दिसते. १२ एप्रिल १९४५ च्या दुपारी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखत असल्याचं सांगून ते कोसळले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मोजलेला दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसासाठी वैद्यकाकडे विश्रांती, मीठ कमी आणि झोपेची गोळी, याच्यापलीकडे फारसं काही नव्हतं.

आज औषधं पुष्कळ आहेत, आणि त्यातूनच दुसरा धोका आला आहे. दाब चढल्यामुळे जसं नुकसान होतं, तसंच तो घाईने उतरवल्यामुळेही होतं. हा लेख मुख्यतः त्या घाईबद्दल आहे. पण आधी किडनीत काय घडतं ते पाहावं लागेल, कारण औषध कुठलं आणि किती सावकाश द्यायचं याचं उत्तर तिथेच आहे.

किडनीच्या प्रत्येक गाळणीला रक्त पोहोचवणारी एक बारीक धमनी असते. दाब वाढला की ती आक्रसते आणि पुढच्या नाजूक केशवाहिन्यांना वाचवते. वर्षानुवर्षं माफक वाढलेला दाब ती सोसते, तिची भिंत जाड होते आणि किडनी हळूहळू झिजते. मॅलिग्नंट अवस्थेत मात्र दाब इतका आणि इतक्या वेगाने वाढतो की भिंतच फाटते. रक्तातला द्रव आणि फायब्रिन भिंतीत झिरपतं, तिथल्या पेशी मरतात. जी वाहिनी यातून वाचते तिच्या भिंतीत कांद्याच्या पाकळ्यांसारखे थरावर थर चढतात आणि आतली वाट सुईच्या टोकाएवढी उरते. त्या वाटेने जाताना तांबड्या पेशी चिरडल्या जातात, बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स अडकून संपतात.

वाट बंद झाली की पुढची किडनी रक्ताला मुकते. तिला वाटतं, शरीरातला दाबच पडलाय. म्हणून ती रेनिन सोडते. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं, त्याने साऱ्या शरीरातल्या धमन्या आवळल्या जातात आणि दाब आणखी वर जातो. चढलेला दाब आणखी धमन्या फाडतो. या चक्रात एक आडवळण आहे, आणि उपचार करणाऱ्याने ते विसरता कामा नये. दाब फार वाढला की किडनीतून मीठ आणि पाणी बाहेर फेकलं जातं. त्यामुळे अशा पुष्कळ रुग्णांना रात्री चार-चारदा लघवीला उठावं लागतं, तहान लागते, वजन उतरतं आणि रक्तातलं पोटॅशियम कमी होतं. म्हणजे दाब आकाशाला भिडलेला आणि शरीरात पाणी मात्र कमी. पाणी कमी पडलं म्हणून रेनिन आणखी सुटतं.

हे सारं दाबामुळेच होतं की रक्तातल्या एखाद्या विषामुळे, यावर पूर्वी बराच वाद होता. १९३९ साली लंडनच्या क्लिफर्ड विल्सन आणि फ्रँक बायरम यांनी उंदरांवर केलेला प्रयोग मला अजूनही या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी एका किडनीच्या धमनीला चिमटा लावून ती अरुंद केली. रेनिन वाढलं, सगळ्या शरीराचा दाब चढला. काही दिवसांनी दोन्ही किडन्या पाहिल्या, तर चिमटा न लावलेल्या किडनीतल्या धमन्या सडलेल्या होत्या आणि चिमट्यामागची किडनी बऱ्यापैकी शाबूत होती. दोन्हींतून वाहणारं रक्त एकच, त्यामुळे विष असतं तर ते दोघींना सारखंच भोवलं असतं. फरक होता तो फक्त दाबाचा. चिमट्याने अलीकडचा दाब अडवला आणि त्या किडनीला वाचवलं.

डोळ्यात याच घटनेची दुसरी आवृत्ती दिसते, आणि डोळा हा शरीरातला एकमेव अवयव आहे जिथे ती काही न कापता बघता येते. पडद्यावर ज्वालेच्या आकाराचे रक्ताचे ठिपके असतात. जिथे रक्तपुरवठा तुटला तिथे कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे पुंजके दिसतात. मध्यभागी द्रव साचला की वाचताना अक्षरं धूसर होतात. दोन्ही डोळ्यांत असे रक्तस्राव किंवा पुंजके आणि सोबत दाब साधारण १८०/१२० च्या वर, एवढ्यावर हल्ली निदान करतात. नसेची सूज असलीच पाहिजे असा आग्रह आता नाही.

डोकेदुखीबद्दल एक खुलासा. रक्तदाबामुळे डोकं दुखतं ही समजूत साध्या रक्तदाबाच्या बाबतीत बरीचशी चुकीची आहे. १६०/१०० असलेल्या बहुतेकांना काहीही होत नाही. इथली डोकेदुखी वेगळी असते. ती काही दिवस किंवा आठवडे टिकते, सकाळी जास्त असते, आणि पित्ताची म्हणून घेतलेल्या गोळीने जात नाही. तिच्यासोबत धूसर दिसू लागलं, तर त्याच दिवशी दाब मोजायला हवा. याउलट दवाखान्यात सहज मोजलेला दाब २१०/११५ निघाला, पण डोळा, लघवी, क्रिएटिनिन, ईसीजी सगळं नीट असेल, तर ती आणीबाणी नव्हे. त्याला शांत बसवून पुन्हा मोजावं, तोंडाने गोळी सुरू करावी आणि काही दिवसांत, आठवड्यांत दाब खाली आणावा. अवयवाला इजा होते आहे का, यावर आणीबाणी ठरते. मॉनिटरवरचा लाल आकडा पाहून घाबरणारे नातेवाईक आणि त्यांच्या दबावाखाली इंजेक्शन देणारे डॉक्टर, दोघांनाही हे पटवणं कठीण जातं.

आता एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. तो कुणी एक माणूस नाही. आकडे मी जुळवले आहेत, पण अशा रुग्णाची वाटचाल साधारण अशीच असते. वय ३८, पुरुष, रात्रपाळीत काम, रोज दहाबारा सिगारेटी. तीन आठवडे डोकं दुखतंय, पाच दिवसांपासून मोबाईलवरची अक्षरं नीट दिसत नाहीत. नेत्रतज्ज्ञांनी पडदा पाहून पाठवलं. दोन्ही हातांत दाब २३०/१४०. शुद्ध चांगली, बोलणं नीट, हातापायांत अशक्तपणा नाही. लघवीत प्रथिनं आणि तांबड्या पेशी. क्रिएटिनिन ३.४. पोटॅशियम ३.१, म्हणजे कमी. प्लेटलेट्स ९६,०००. रक्ताच्या काचेवर तुटक्या पेशी दिसतात. सोनोग्राफीत किडन्यांचा आकार सर्वसाधारण, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी, कारण आक्रसलेल्या लहान किडन्या जुना, न भरणारा आजार सांगतात.

पहिला हिशेब सरासरी दाबाचा. खालच्या आकड्यात दोन आकड्यांतल्या फरकाचा तिसरा हिस्सा मिळवायचा. फरक ९०, त्याचा तिसरा हिस्सा ३०, म्हणजे सरासरी १७०. मॅलिग्नंट हायपरटेन्शनमध्ये पहिल्या काही तासांत हा सरासरी दाब २० ते २५ टक्क्यांनी उतरवावा, असं युरोपीय तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. अमेरिकी मार्गदर्शनही पहिल्या तासात २५ टक्क्यांपेक्षा जास्त नको, मग दोन ते सहा तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि त्यापुढे एकदोन दिवसांत हळूहळू सर्वसाधारण, असं सांगतं. आपल्या रुग्णासाठी २५ टक्के म्हणजे ४२. म्हणजे आजचं लक्ष्य सरासरी १२८ ते १३६, साध्या भाषेत १७०-१८०/११०. हा आकडा ऐकून नातेवाईक हमखास विचारतात, "एवढा ठेवणार? १२०/८० नाही करणार?" आज नाही.

पंचवीसच टक्के का, याचं उत्तर मेंदूत आहे. धडधाकट माणसाचा सरासरी दाब ६० पासून १५० पर्यंत कुठेही असला, तरी मेंदूच्या धमन्या आक्रसून किंवा सैल होऊन रक्ताचा प्रवाह सारखा ठेवतात. ज्याचा दाब बराच काळ चढलेला आहे, त्याच्या धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि हा सगळा पल्ला वर सरकतो. कोपनहेगनच्या स्वेन्द स्ट्रँडगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रुग्णांमध्ये हे मोजून दाखवलं. पल्ल्याची खालची मर्यादा साधारणपणे रुग्णाच्या नेहमीच्या सरासरी दाबाच्या २५ टक्के खाली असते. त्याखाली गेलं की धमन्या आणखी सैल होऊ शकत नाहीत आणि प्रवाह दाबासोबत घसरू लागतो. ज्या ९० च्या सरासरीवर तुमचाआमचा मेंदू खुशाल असतो, त्या ९० वर या रुग्णाला पक्षाघात होऊ शकतो.

हे नुसतं पुस्तकी भय नाही. १९७९ साली इंग्लंडमधून लेडिंगहॅम आणि राजगोपालन यांनी असे दहा रुग्ण नोंदवले ज्यांच्या मेंदूला इजा झाली ती दाब झपाट्याने उतरवल्यावर. त्याच वर्षी उपचारांनंतर अंधत्व आलेल्या रुग्णांचीही नोंद झाली. धूसर दिसतं म्हणून आलेला माणूस उपचाराने आंधळा होऊन गेला, याहून वाईट ते काय. सुजलेल्या नसेला रक्त मिळण्यासाठी आधीच जास्त दाब लागत होता, तोच काढून घेतला गेला.

आपल्याकडे या घाईला एक परिचित रूप होतं. निफेडिपिनची कॅप्सूल टोचायची आणि थेंब जिभेखाली टाकायचे. पंधरावीस मिनिटांत आकडा खाली, सगळे खूश. खरं तर जिभेखालून ते औषध फारसं शोषलं जात नाही. ते गिळलं जातं आणि पोटातून रक्तात उतरतं. पण कुणाचा दाब किती पडेल याचा भरवसा नाही, आणि पडला की परत उचलायला काही हातात नाही. पक्षाघात आणि हृदयविकाराच्या झटक्यांच्या नोंदी साठत गेल्या. १९९६ साली ग्रॉसमन, मेसर्ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवण्याची उघड मागणी केली. तरी कुणी तसे थेंब टाकायला निघालंच, तर त्याला थांबवण्याइतकं भांडण करायला माझी हरकत नाही.

म्हणून आपल्या रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवून सलाईनमधून लॅबेटॅलॉल सुरू केलं. आधी २० मिलिग्रॅम दोन मिनिटांत सावकाश, मग पंपाने मिनिटाला एक मिलिग्रॅम. पंप लावण्याचा फायदा हा की तो बंद करता येतो. दम्याच्या रुग्णाला हे औषध चालत नाही, त्याला निकार्डिपिन देतात. सोडियम नायट्रोप्रुसाइड हे जुनं, जोरकस औषध. पण त्याचे विषारी अवशेष किडनी बाहेर टाकते, आणि इथे तर किडनीच आजारी आहे. पहिल्या तासाला दाब २१०/१२५. चौथ्या तासाला १७८/११०, सरासरी १३३. बास. पंपाचा वेग आता वाढवायचा नाही, आहे तेवढाच राखायचा.

दहाव्या तासाला, मध्यरात्री, तो नर्सला म्हणाला, "सिस्टर, पुन्हा अंधारल्यासारखं होतंय." मोजला तर १५०/८८. कागदावर छान दिसणारा हा आकडा सरासरी १०९ आहे, म्हणजे सुरुवातीपेक्षा ३६ टक्के खाली. पंप बंद केला, अंथरुणाची डोक्याकडची बाजू सपाट केली, आणि शरीरात पाणी कमी असल्याचं आधीच माहीत असल्यामुळे सलाईन थोडं थोडं करून अर्धा लिटर दिलं. पाऊण तासात दाब १७०/१०४ वर आला आणि नजर निवळली. रक्तदाबाच्या रुग्णाला सलाईन हे ऐकायला विचित्र वाटतं, पण इथे तेच औषध होतं. फुप्फुसात पाणी नसताना केवळ दाब जास्त म्हणून लघवी होण्याचं इंजेक्शन देणं याच कारणासाठी घातक. एसीई इन्हिबिटर गटातल्या गोळ्यांचंही तेच: रेनिनचं चक्र तोडणारं ते नेमकं औषध आहे, पण रेनिन उकळत असताना पहिला मोठा डोस दिला तर दाब कोसळतो. म्हणून दोनतीन दिवसांनी, पाणी भरून आल्यावर, छोट्या डोसने सुरुवात करतात.

दुसऱ्या दिवशी ॲम्लोडिपिनची गोळी सुरू झाली, पंप उतरवत नेला. तिसऱ्या दिवशी दाब १६०/१००. डोकं हलकं झालं. आणि नेमक्या त्याच वेळी क्रिएटिनिन ४.६ झालं. बायकोचा प्रश्न रास्त होता: "बीपी उतरलंय ना, मग किडनी का बिघडतेय?" कारण त्या अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलणारा जोर कमी झाला होता. गाळणीतला दाब घटला की क्रिएटिनिन काही दिवस चढतं. हे दिसताच घाबरून औषधं कमी केली आणि दाब पुन्हा २२० वर जाऊ दिला, तर धमन्यांचं फाटणं पुन्हा सुरू होतं. इथे नांगर टाकून बसायचं असतं. लघवी चालू आहे, पोटॅशियम आटोक्यात आहे, प्लेटलेट्स वाढत आहेत, इतकं पाहत राहायचं. गरज पडली तर काही काळ डायलिसिस करायचं. आपल्या रुग्णाच्या प्लेटलेट्स आठव्या दिवशी दीड लाखाच्या वर गेल्या, क्रिएटिनिन पाचला जाऊन थांबलं आणि तीन महिन्यांत २.६ वर आलं. प्लेटलेट्स दाब उतरूनही सुधारल्या नसत्या, किंवा पहिल्याच दिवशी ३०,००० च्या खाली असत्या, तर रक्त गोठण्याच्या दुसऱ्याच आजारांचा शोध घ्यावा लागला असता, कारण त्यांचा उपचार वेगळा.

हळूहळू उतरवण्याच्या नियमाला मोजके अपवाद आहेत. महाधमनीची भिंत उभी चिरत चालली असेल, तर काही मिनिटांत वरचा दाब १२० च्या खाली आणावा लागतो. गर्भारपणातल्या झटक्यांमध्ये आणि फुप्फुसात पाणी भरलेलं असतानाही थांबायला वेळ नसतो. मेंदूत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात नेमकं उलट: गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं नसेल, तर दाब २२०/१२० च्या आत असल्यास सहसा त्याला हात लावत नाहीत.

मूळ कारण शोधणं हे पुढच्या आठवड्यांचं काम. तरुणांमध्ये अशा दाबामागे पुष्कळदा गाळण्यांचाच आजार असतो, विशेषतः आयजीए नेफ्रोपथी. भारतातल्या तरुण स्त्रियांमध्ये ताकायासूच्या आजाराने किडनीची धमनी अरुंद झालेली असू शकते. हाताची नाडी लागत नसेल किंवा दोन हातांच्या दाबात फरक असेल, तर तिकडे बोट जातं. किडनीचा तुकडा काढून तपासण्याची घाई करत नाहीत, कारण दाब चढलेला आणि प्लेटलेट्स कमी असताना सुई घातली तर रक्तस्राव थांबत नाही. आणि काही वेळा कारण अगदी घरगुती असतं: "आता बरं वाटतंय" म्हणून बंद केलेली गोळी. क्लोनिडिन तर अचानक सोडलं की दाब उसळी मारतो.

पॅट्रिशिया किनकेड-स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात लंडनमध्ये, पहिली परिणामकारक औषधं हाती येताच, अशा रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. उपचार सुरू होताना किडनी कितपत शाबूत होती, यावर रुग्ण किती जगतो हे बरंचसं ठरत होतं. ते अजूनही खरं आहे, फक्त आता डायलिसिसवर गेलेल्यांनाही संधी असते. दाब घट्ट आटोक्यात ठेवला, तर त्यातले काही जण काही महिन्यांनी, क्वचित वर्षभरानेही, डायलिसिसमधून सुटतात. म्हणून या रुग्णांच्या किडनी-रोपणाचा निर्णय, इतर डायलिसिसच्या रुग्णांच्या तुलनेत, काही महिने लांबवायला जाणकार नेफ्रॉलॉजिस्ट मागेपुढे पाहत नाहीत. तेवढ्या काळात लघवीचं प्रमाण आणि डायलिसिसच्या आधीचं क्रिएटिनिन यांची नोंद ठेवतात, आणि ते स्वतःहून उतरू लागलं की आठवड्यातली एक पाळी कमी करून पाहतात.